मोबाइलची अमानत: पालकांच्या आक्षेपांना उत्तर

सन्माननीय पालकहो,

येत्या सत्रापासून अमलात येणाऱ्या मोबाइलविषयक नियमाचे परिपत्रक आपल्या हाती पडल्यानंतर जी लेखी निवेदने माझ्याकडे आली, ती मी एकेक करून लक्षपूर्वक वाचली. आणि त्यांतून प्रकट झालेली काळजी इतकी खरी आहे, की तिला सूचनाफलकावरील दोन ओळींनी उत्तर देणे मला अनुचित वाटते. काही पालकांनी नियम फार कठोर आहे असे म्हटले आहे, काहींनी तो फार सौम्य आहे असे म्हटले आहे, आणि एका निवेदनात तर, आमच्या मुलांच्या जिवापेक्षा शाळेला शिस्त प्यारी झाली काय, असा सरळ प्रश्न विचारला आहे. त्या प्रश्नाचा मला राग आला नाही. वसईच्या फलाटावरून पहाटेची लोकल पकडणाऱ्या आईला तो पडणारच. परंतु त्यात जे गृहीत धरले आहे ते मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

प्रथम नियम काय आहे हे स्पष्ट असावे. पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्याने मोबाइल शाळेत आणण्यास मनाई नाही. मात्र आणलेला मोबाइल पहिल्या तासिकेपूर्वी बंद करून वर्गशिक्षकांकडे जमा करावयाचा आणि शेवटच्या तासिकेच्या अखेरीस परत घ्यावयाचा. मधल्या सुट्टीत, खेळाच्या तासाला, ग्रंथालयात किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीतही तो मिळणार नाही. ज्या मनगटी घड्याळातून बोलता येते किंवा चित्र घेता येते, त्यालाही हाच नियम लागू राहील. या व्यवस्थेत मोबाइल मुलाजवळ प्रवासात असतो आणि शाळेच्या आवारात शाळेच्या कुलपाखाली असतो. नियमाचा सारा अर्थ या एका वाक्यात आहे.

जे पालक म्हणतात, की मोबाइल शाळेच्या फाटकातून आतच येऊ देऊ नका, त्यांना मी आपल्या गावाचा भूगोल आठवून पाहण्याची विनंती करते. आपली मुले केवळ पायी येणारी राहिलेली नाहीत. कोणी नालासोपाऱ्याहून एक स्थानक लोकलने येते, कोणी विरारहून, कोणी अर्नाळा-आगाशीकडून बसने, कोणी पूर्वेच्या चाळींतून सहाआसनी रिक्षात दाटीवाटीने बसून. यांतल्या पुष्कळ घरांतील आई आणि वडील दोघेही मुलाच्या आधी घराबाहेर पडलेले असतात आणि मूल घरी पोहोचते तेव्हा दाराला कुलूप असते. अशा मुलाने संध्याकाळी फलाटावर उभे राहून, गाडी उशिरा आहे, हे घरी कळवायचे ते कशाने? रस्त्याकडेचे नाण्याचे टेलिफोन केव्हाच गेले. प्रवासासाठी मोबाइल जवळ असणे ही या मुलांची गरज आहे, आणि ती नाकारणारा नियम दुसऱ्याच आठवड्यात मोज्यांत, कंपासपेटीत आणि डब्याच्या पिशवीत मोबाइल लपवावयास शिकवील.

हा विचार एकट्या आमच्या शाळेचा नाही. केंद्रीय विद्यालयातील एका अल्पवयीन विद्यार्थ्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अनूप जयराम भंभानी यांनी फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस जो निर्णय दिला, त्यात त्यांनी सरसकट बंदी ही अनिष्टही आहे आणि अव्यवहार्यही, असे मत नोंदविले. आणि त्याचबरोबर, जेथे सुरक्षितपणे ठेवण्याची सोय करता येईल तेथे विद्यार्थ्याने शाळेत येताच स्मार्टफोन जमा करावा आणि घरी जाताना परत घ्यावा, वर्गात त्याचा वापर होऊ नये, सामायिक जागांत व शाळेच्या वाहनांत चित्रण होऊ नये, धोरण ठरविताना पालकांचा विचार घ्यावा आणि शिक्षा पारदर्शक असावी, पण फाजील कडक नसावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दिल्लीच्या न्यायालयाचा निर्णय महाराष्ट्रातील शाळांवर बंधनकारक नाही हे मी जाणते. परंतु न्यायासनाने दोन्ही बाजूंचे ऐकून जी मध्यरेषा आखली, तिच्याहून न्याय्य रेषा मला दिसत नाही, आणि आमचा मसुदा तिला धरूनच केलेला आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळते. संकट आले तर आमच्या मुलाचा आवाज आम्हाला त्याच क्षणी ऐकू आला पाहिजे, असे बहुसंख्य निवेदनांचे म्हणणे आहे. या म्हणण्यामागील माया मला पूर्णपणे समजते. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला चुकीचा आणि मुलांना धोक्यात घालणारा वाटतो.

जुलै 2018 मधील ते दिवस आपल्यापैकी जुन्या रहिवाशांना आठवत असतील. नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढून वसई-विरार दरम्यानची वाहतूक थांबली, वसईच्या मिठागर भागातील शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली आणि अनेक भागांत वीजपुरवठाही बंद ठेवावा लागला. तसा दिवस शाळा भरलेली असताना उगवला, अशी कल्पना करा. हजार-बाराशे मुले इमारतीत आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. पहिल्या पाच मिनिटांत त्यांतील निम्मी मुले घरी फोन लावतील. ज्यांचा लागणार नाही ती घाबरतील. कोणी तळमजल्यात शिरलेल्या पाण्याचे चित्र पाठवील, ते चित्र तीन गटांतून फिरून येईपर्यंत शाळेची भिंत पडली असे त्याचे रूप झालेले असेल. आणि मिळेल त्या वाहनाने शेकडो पालक त्याच एका पाण्याखालच्या रस्त्याने फाटकाकडे निघतील, ज्या रस्त्याने अग्निशमन दलाची गाडी यावयाची असते. वर्गात याच वेळी शिक्षिका हजेरीपट हातात घेऊन नावे पुकारीत असते, कारण कोण आहे आणि कोण नाही हे निश्चित करणे हेच अशा वेळचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. आणि ते काम करण्यासाठी तिला साठ मुलांचे कान तिच्याकडे असावे लागतात, साठ मोबाइलांकडे नव्हे.

म्हणून संकटकाळची व्यवस्था आम्ही अशी ठरविली आहे. प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर प्रत्येक मुलाच्या दोन पालकांचे आणि स्थानिक अशा एका तिसऱ्या विश्वासू व्यक्तीचे क्रमांक छापील असतील. वीज गेली तरी कागद वाचता येतो. मुलांची मोजणी पूर्ण झाली, की वर्गशिक्षक स्वतःच्या मोबाइलवरून त्या वर्गाच्या पालकांना एकच मजकूर पाठवतील: मुले सुरक्षित आहेत, कोठे आहेत, आणि न्यावयास यावे की थांबावे. ज्यांच्याकडून पोच मिळणार नाही त्यांना कार्यालयातून दूरध्वनी जाईल, आणि तोही न लागल्यास तिसऱ्या व्यक्तीला. न्यावयास आलेल्या मोठ्या माणसाची सही घेतल्याशिवाय कोणतेही मूल सोडले जाणार नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताच, पावसाचा जोर वाढण्याआधी, या साऱ्याची रंगीत तालीम होईल, आणि त्या दिवशी किती पालकांचे क्रमांक बदललेले निघाले हे आपल्याला सभेत सांगितले जाईल. कारण जुना क्रमांक हा या व्यवस्थेतील सर्वांत सहज राहणारा आणि सर्वांत महाग पडणारा दोष आहे.

सुरक्षिततेचा आणखी एक अर्थ निवेदनांत आहे, आणि तो लिहिताना काही मातांचे अक्षर थरथरले असावे असे मला वाटते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर जो अत्याचार झाला, त्याच्या आठवणीने आजही कोणत्याही शाळेच्या फाटकावर मूल सोडणाऱ्या आईचा हात क्षणभर मागे राहतो. मी त्या भीतीचा आदर करते. परंतु त्या मुलींचे रक्षण मोबाइलने झाले नसते. त्यांना हवी होती ती स्वच्छतागृहापर्यंत सोबत जाणारी बाई, कामावर ठेवलेल्या माणसांची कसून केलेली चौकशी, चालू असलेले कॅमेरे आणि तक्रार ऐकताच ती नोंदवून घेणारी माणसे. त्याच महिन्यात शासनाने सर्व शाळांना कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी आणि सखी सावित्री समिती यांविषयी जो आदेश काढला, त्याचा रोख याच गोष्टींवर होता. आपण आमच्या शाळेला या प्रत्येक बाबीचा जाब विचारा. कोणता कॅमेरा बंद आहे, तक्रारपेटी कोणाच्या समक्ष उघडली जाते, समितीची बैठक शेवटची केव्हा झाली, हे विचारण्याचा आपला हक्क आहे आणि कागदपत्रे दाखविणे हे माझे कर्तव्य आहे. मुलाच्या खिशातला मोबाइल ही ती जबाबदारी शाळेच्या अंगावरून काढून मुलाच्या अंगावर टाकणारी गोष्ट ठरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिक्षणाच्या दृष्टीने या नियमाचा लाभ किती, याविषयी मी आपल्याला फुगवून काही सांगणार नाही. इंग्लंडमधील चार शहरांतील 91 शाळांचा अभ्यास करून बेलंड आणि मर्फी या अर्थशास्त्रज्ञांनी असे दाखविले, की मोबाइलला मज्जाव केल्यानंतर अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे परीक्षेतील यश लक्षणीय वाढले, आणि पुढे असलेल्या मुलांत काहीच फरक पडला नाही. मला या निष्कर्षाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच बोलका वाटतो. ज्या मुलाला घरी स्वतंत्र खोली आहे, शिकवणी आहे आणि वर्गात चुकलेले रात्री समजावून देणारे कोणी आहे, ते वर्गातील व्यत्यय पचवून नेते. ज्याला शिकण्याची जागा वर्ग हीच एक आहे, त्याचे नुकसान भरून येत नाही. एका तासिकेला पस्तीस मिनिटे असतात, आणि एकदा उडालेले लक्ष पूर्ववत स्थिर होण्यास वीस मिनिटांपर्यंत अवधी लागू शकतो, असे युनेस्कोच्या 2023 च्या शिक्षणविषयक अहवालात नमूद आहे. शेजारच्या बाकावर एकदा थरथरलेला मोबाइल त्या बाकावरच्या मुलाची निम्मी तासिका घेतो, आणि ते मूल बहुधा तेच असते ज्याला ती तासिका पुन्हा कोणी देणार नाही.

मात्र याच प्रश्नावर स्वीडनमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुणांत काहीही वाढ आढळली नाही. आणि बर्मिंगहॅम विद्यापीठाने 30 शाळांतील मुलांची पाहणी करून 2025 मध्ये सांगितले, की केवळ शाळेतील निर्बंधामुळे मुलांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे दिसत नाही, कारण एकूण दिवसभराचा वापर त्यामुळे कमी होत नाही. म्हणून, या नियमाने मुलांची झोप सुधारेल, चिडचिड थांबेल किंवा दहावीचा निकाल उंचावेल, असे आश्वासन मी देत नाही. सहा तास वर्ग वर्गासारखा राहील आणि मधल्या सुट्टीत मुले एकमेकांशी बोलतील, खेळतील, भांडतील, इतक्यापुरतेच मी स्वतःला बांधून घेते.

मोबाइलवर मुले अभ्यासच करतात, असे लिहिणाऱ्या पालकांना मी खोटे म्हणत नाही. पण ग्रामीण भागातील 14 ते 16 वयोगटाच्या ‘असर’ पाहणीत, 2024 साली, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगितले होते. एकच हात दोन्ही करतो. ज्या पाठासाठी चित्रफीत दाखविणे आवश्यक असेल ती शिक्षक वर्गातील पडद्यावर सर्वांना दाखवतील, म्हणजे ज्याच्या घरी मोबाइल एकच आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या मुलालाही ती दिसेल.

आता ज्या भागात असे नियम प्रत्यक्षात मोडून पडतात त्याविषयी. ‘मोबाइल हरवल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ अशी पाटी लावून मोबाइल जमा करून घेण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ती आम्ही स्वीकारलेली नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी तिची घेतली पाहिजे, असे भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 151 सांगते. मोबाइल शाळेच्या हाती आला, की तो अमानत होतो. ती अमानत सांभाळण्याची तयारी नसेल, तर शाळेला तो मागण्याचा नैतिक अधिकारही उरत नाही.

तेव्हा व्यवस्था अशी. प्रत्येक वर्गासाठी जाड कापडाची, हजेरी क्रमांक शिवलेल्या खिशांची एक पट्टी असेल. मूल वर्गात येताना मोबाइल पूर्णपणे बंद करून आपल्या क्रमांकाच्या खिशात ठेवील आणि त्याच क्रमांकाचा बिल्ला घेईल. नुसता आवाज बंद केलेला मोबाइल चालणार नाही, कारण गजर वाजतात, आणि चाळीस मोबाइलांची थरथर लोखंडी कपाटातूनही वर्गापर्यंत ऐकू येते. बाहेरचा बॅटरीसंच जमा होणार नाही आणि कपाटात काहीही चार्ज केले जाणार नाही. बंद कपाटात तापलेली बॅटरी हा विनोदाचा विषय नाही. हजेरी झाली, की शिक्षक पट्टी गुंडाळून वर्गाच्या पेटीत ठेवतील, पेटी कार्यालयातील कपाटात जाईल आणि कपाटाची किल्ली एकाच नेमलेल्या व्यक्तीकडे, वेळेच्या नोंदीसह, राहील. एका मुलास पाच सेकंद धरली, तर साठ मुलांच्या वर्गाला पाच मिनिटे लागतात. म्हणून शाळेची पहिली घंटा पाच मिनिटे आधी होईल, आणि ही पाच मिनिटे शिकविण्याच्या वेळेतून घेतली जाणार नाहीत.

या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा दोन सत्रांच्या मधला आहे. आपल्याकडे सकाळचे सत्र सुटते आणि दुपारचे भरते त्या अर्ध्या तासात त्याच जिन्यावरून एक समुदाय उतरतो आणि दुसरा चढतो. त्या गर्दीत फाटकाजवळ टेबल मांडून मोबाइल वाटले, तर चुकीचा मोबाइल चुकीच्या हाती जाण्यास दोन दिवसही लागणार नाहीत. यास्तव मोबाइल परत देण्याचे काम शेवटच्या तासिकेची शेवटची पाच मिनिटे वर्गातच, मुले बाकावर बसलेली असताना, बिल्ला घेऊन होईल. सत्र सुटल्यावर पेटीत एखादा मोबाइल उरला, तर तो कोणाचा हे खिशाच्या क्रमांकावरून त्याच क्षणी कळेल आणि घरी दूरध्वनी जाईल.

फसवणूक होणार नाही असे मी मानत नाही. जमा करण्यासाठी घरातला जुना, निकामी मोबाइल आणावयाचा आणि खरा दप्तरात ठेवावयाचा, ही युक्ती अशा नियमांच्या पाठोपाठ सर्वत्र येते. ती ओळखण्यासाठी झडती घ्यावी लागत नाही. ज्या मुलाचा मोबाइल खरा असतो ते तो परत मिळताच सुरू करते, पडद्याकडे पाहते, आईला संदेश पाठवते. ज्याचा निकामी असतो ते त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता तो दप्तरात टाकते. शिक्षकाने हे चार दिवस पाहिले, की एकांतात केलेला एक शांत प्रश्न पुरतो.

नियम मोडल्यास काय, याविषयी परिपत्रकातील भाषा त्रोटक होती असे काहींनी लिहिले आहे. तर ऐका. वर्गात मोबाइल सापडला, तर तो त्या दिवसापुरता पेटीत जाईल आणि सुटताना मुलालाच परत मिळेल. कारण त्याला लोकलने घरी जावयाचे आहे. दुसऱ्यांदा सापडला, तर आपल्याला लेखी कळविले जाईल आणि आपली सही होऊन आलेली चिठ्ठी पुरेशी मानली जाईल. मोबाइल परत नेण्यासाठी पालकाने समक्ष आलेच पाहिजे, अशी अट आम्ही घातलेली नाही. अंधेरीच्या कारखान्यात किंवा चर्चगेटच्या कार्यालयात काम करणाऱ्या बापाने मुलाच्या चुकीपायी एका दिवसाचा पगार गमवावा, हा दंड शाळेने ठोठावण्याचा नाही. आठवडेच्या आठवडे मोबाइल जप्त ठेवणे, तो फोडणे किंवा आर्थिक दंड घेणे यांतील काहीही येथे होणार नाही. कोणताही शिक्षक मुलाचा मोबाइल उघडणार नाही, त्याचा सांकेतिक क्रमांक विचारणार नाही किंवा त्यातील संदेश वाचणार नाही.

याला जोडूनच एक गंभीर प्रसंग सांगितला पाहिजे. एखाद्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्याचे अश्लील चित्रण केल्याचा किंवा ते पसरविल्याचा संशय आला, तर खात्री करण्यासाठी ते चित्र स्वतःकडे मागवून घेण्याची किंवा शिक्षकांच्या गटात पाठविण्याची ऊर्मी चांगल्या हेतूच्या माणसालाही होते. आणि तेथेच तो माणूस स्वतः अपराधाच्या कक्षेत शिरतो, कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 67ब प्रमाणे अल्पवयीनांचे तसे चित्र पुढे पाठविणे हाच गुन्हा आहे. आमच्या शिक्षकांना दिलेली सूचना स्पष्ट आहे: पाहू नका, पाठवू नका, पुसू नका, मोबाइल बंद करून पाकिटात मोहरबंद करा, दोन्ही मुलांच्या पालकांना बोलवा आणि पोलिसांना कळवा. पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळविणे हे ऐच्छिक नाही. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण आपसांत मिटविण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही, आणि पालकांनाही नाही. दुपारी मधल्या सुट्टीत मोबाइल का देत नाही, याचे एक उत्तर हेही आहे: असे चित्रण वर्गात शिक्षकासमोर होत नाही, ते स्वच्छतागृहात, जिन्याखाली आणि कपडे बदलण्याच्या खोलीत होते.

एका पालकांनी विचारले आहे, की शिक्षकांच्या हातात मोबाइल असताना मुलांना कोणत्या तोंडाने सांगणार? प्रश्न रास्त आहे. शासनाच्या कित्येक नोंदी शिक्षकांना हल्ली मोबाइलवरूनच भराव्या लागतात, त्यामुळे त्यांचे मोबाइल आवारात राहतील. परंतु तासिका चालू असताना ते टेबलाच्या खणात असतील आणि नोंदी मोकळ्या तासिकेत होतील. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि दूरचित्रवाणी बंद ठेवण्याची जी प्रथा सुरू केली, ती टिकली याचे कारण तो भोंगा मोठ्यांसाठीही वाजत होता. त्याच न्यायाने, गृहपाठ रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपवर पाठविण्याची पद्धत या सत्रापासून बंद होत आहे. गृहपाठ शेवटच्या तासिकेत फळ्यावर लिहिला जाईल आणि मूल तो आपल्या दैनंदिनीत उतरवून घेईल. गटावर केवळ सुट्ट्या, परीक्षांचे वेळापत्रक आणि आणीबाणीच्या सूचना येतील. ज्या घरात एकच मोबाइल आहे तेथे रात्री नऊनंतर त्यावर पहिला हक्क कोणाचा, हा कलह शाळेने घराघरांत लावून देऊ नये.

काही मुलांना हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. मधुमेही मुलाच्या दंडावर रक्तातील साखर सतत मोजणारे यंत्र असेल, तर त्याचे आकडे मोबाइलवरच येतात आणि साखर उतरल्याची सूचनाही तेथेच वाजते. तो मोबाइल त्या मुलाच्या बाकावर राहील. ज्यांच्या श्रवणयंत्राचे नियंत्रण मोबाइलवरून होते त्यांचेही तसेच. ज्या मुलावर घरच्या आजारी माणसाची किंवा धाकट्या भावंडाची जबाबदारी आहे, त्याला मधल्या सुट्टीत कार्यालयातून घरी बोलता येईल, आणि त्यासाठी त्याला कारण चारचौघांत सांगावे लागणार नाही. वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांची चिठ्ठी पुरे; इतर कारणांसाठी पालकांनी मला भेटावे किंवा दोन ओळी लिहून पाठवाव्यात. वर्गातील इतर मुलांना एवढेच सांगितले जाईल, की त्या मुलाला परवानगी आहे.

ही व्यवस्था दिवाळीच्या सुट्टीपर्यंत प्रायोगिक राहील. तोवर चार गोष्टींची नोंद कार्यालयात ठेवली जाईल: जमा आणि परत यांत किती मिनिटे गेली, किती मोबाइल हरवले किंवा फुटले, किती वेळा नियम मोडला गेला, आणि आणीबाणीच्या संदेशाला किती पालकांची पोच किती वेळात आली. सुट्टीनंतरच्या पालक-शिक्षक संघाच्या सभेत हे आकडे, अनुकूल असोत वा प्रतिकूल, आपल्यापुढे मांडले जातील, आणि नियम राहावा, बदलावा की रद्द व्हावा याचा विचार त्या आकड्यांवरून होईल. तोपर्यंत आपल्या मुलाच्या हजेरीपटातील तिन्ही क्रमांक बरोबर आहेत ना, हे सोबतच्या चिठ्ठीवर तपासून, सही करून, ती वर्गशिक्षकांकडे परत पाठवावी, ही नम्र विनंती.

आपली,
मुख्याध्यापिका